कात्रीबाईचा डबा

गल्लीत कात्रीबाईला सगळे वचकून असत, आणि ते तिला मनापासून आवडे. खरं नाव तिचं वेगळं होतं, पण चाळीस वर्षं लोकांचे कपडे बेतून कापले, तेव्हा नाव कुठे शिल्लक राहणार? शिवायला माणसं होती, कापायची मात्र ती स्वतः. कापडावर खडूची रेघ ओढली की कात्री मागेपुढे बघत नसे, आणि जिभेचंही तसंच. "खांदे पडलेत तुझे, कोटाला नावं ठेवू नकोस," असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगे. गिऱ्हाईक चरफडत जाई आणि पुढच्या खेपेला भावालाही घेऊन येई.

शाळा म्हणाल तर दोन यत्ता. आकडे पक्के, सही झोकदार, बाकी अक्षरांशी तिचं फारसं जमलं नाही. नवरा गेला तेव्हा पोरगा पाच वर्षांचा होता आणि घरात एक शिलाई मशीन. एकाची सहा मशीनं झाली, दुकान झालं, आणि पोराला तिने हाताला धरून कापणं शिकवलं. मग डोळे गेले. म्हणजे अगदी आंधळी झाली नाही. पण खडूची रेघ दिसेना, आणि ज्याला रेघ दिसत नाही त्याने कात्री खाली ठेवावी, हे तिचं तिलाच कळलं. दुकान तिने पोराच्या हवाली केलं. पोरगा बायकोला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या घरात राहायला गेला. जाताना म्हणाला, "आई, तुझ्या खोलीचं भाडं मी भरतो. जेवणाचा डबा घरून येईल. तू आता पाय पसरून आराम कर."

हे तिने गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं. आमच्याकडे असं आहे, तुमच्याकडे कसं आहे, हे न विचारताही समोरच्याला बोचेल अशा सुरात.

डबा दीड महिना आला. दुकानातला कारागीर सायकलवरून आणून देई. मग एका सोमवारी आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी समोरच्या घरातली खिडकीवाली, जिचा अर्धा जन्म खिडकीच्या गजांना कपाळ टेकून गेला, तिने हाक मारलीच. "काय गं, डबा दिसत नाही दोन दिवस?"

कात्रीबाईच्या तोंडून पटकन निघून गेलं, "तुला दिसला नाही म्हणजे आला नाही होय? कारागिराला गल्लीत शिरायला वेळ लागतो, म्हणून मीच जाऊन घेते आता कोपऱ्यावर."

एवढं एक वाक्य. ते खरं करायला तिला दहा महिने लागले.

रोज बाराच्या सुमारास ती तीन पुडांचा डबा कापडी पिशवीत घालून निघे. कोपरा वळून पलीकडे, गल्लीतून दिसणार नाही असं बसथांब्याचं बाक होतं, तिथे दहा मिनिटं बसे, आणि तीच पिशवी घेऊन परत येई. पण रिकामी पिशवी कशी लोंबते आणि भरलेली कशी, हे कापड कापणाऱ्या बाईला कोणी शिकवायला नको. म्हणून तिने डब्यात आपली जुनी वजनं टाकली. कापताना कापड सरकू नये म्हणून त्यावर ठेवायची लोखंडी वजनं, मुठीएवढी, चार. जाताना वजनं कमरेजवळ शालीत दडवलेली. बाकावर बसून डब्यात भरायची. येताना खांदा अगदी मापात एका बाजूला झुकलेला.

"काय आलंय आज?" खिडकीवाली विचारी.

"विचारू नकोस. सून नुसती भरून भरून पाठवते. संपता संपत नाही."

घरात जाऊन ती मीठ घालून भात खाई. कधी गल्लीतल्या बायकांची गुंड्या-हुकांची किरकोळ कामं अंदाजाने करी, त्या पैशांत डोळ्यांत घालायचे औषधी थेंब आणी. थेंब आणले त्या आठवड्यात भातही दिवसातून एकदाच.

पोराला फोन करून विचारायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. हरकत हीच की विचारावं लागलं असतं.

शेवटी एका सकाळी ती सरकारी दवाखान्याच्या रांगेतच कोसळली. नर्सने दंड चाचपला, वजन काट्यावर घेतलं आणि दार लोटून घेतलं. "मावशी, घरी कोण आहे?"

"मुलगा आहे. मोठं दुकान आहे त्याचं."

"मग हे वजन कोणाचं आहे? दुकानाचं?"

पहिल्यांदाच कोणीतरी तिच्याच सुरात तिच्याशी बोललं, आणि कात्रीबाईने मान खाली घालून सांगितलं, भाडं तेवढं तो भरतो. नर्सने तिला निर्वाह न्यायाधिकरणाचं सांगितलं. साध्या कागदावर अर्ज, मुलाचं नाव-पत्ता, आपल्याला काय मिळत नाही ते दोन ओळींत. स्वतःच्या कमाईत भागत नसेल, तर जेवण, कपडे, राहायची जागा, औषधपाणी हे आईबापांनी मुलांकडून मागता येतं. वकील लागत नाही, चालतही नाही. एरवीचे खटले पिढ्यान् पिढ्या चालतात, इथे नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो.

"म्हणजे मी माझ्या पोरावर खटला भरू?"

"खटला नाही हो. मागणं आहे."

"ते तर त्याहून वाईट," कात्रीबाई म्हणाली. पण चार दिवसांनी ती आली, आणि नर्सने लिहिलेल्या अर्जावर तिने आपली झोकदार सही केली. अर्जात लिहिलं होतं: मुलगा खोलीचं भाडं भरतो, पण जेवण आणि औषध देत नाही. डब्याबद्दल अक्षर नव्हतं. ते तिने नर्सलाही सांगितलं नव्हतं.

नोटीस गेली. आधी दोघांना समेट अधिकाऱ्यासमोर बसवलं. हे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, मऊ आवाजाचे. महिन्याभरात जुळलं तर जुळवायचं, नाहीतर तसं लिहून न्यायाधिकरणाकडे पाठवायचं, हे त्यांचं काम. पोरगा आला तो इस्त्रीचा सदरा घालून, कपाळाला आठ्या घालून. मागे सून.

"साहेब, मला कळतच नाही," तो म्हणाला. "आईला रोज घरचा डबा जातो. अख्खी गल्ली साक्षीला आणतो. हिला कोणीतरी फितवलंय."

मुख्याध्यापक कात्रीबाईकडे वळले. "डबा येतो का, आई?"

आता एवढंच म्हणायचं होतं की येत नाही. पण दाराशी शिपाई उभा, बाकावर दुसरी दोन कुटुंबं आपली पाळी बघत कान टवकारून बसलेली, आणि सून खाली बघत. 'अख्खी गल्ली' हे शब्द कात्रीबाईच्या छातीत धोंड्यासारखे बसले. नाही म्हटलं तर पोरगा विचारणार, मग गल्ली काय बघत होती? ती म्हणाली, "मला जे सांगायचं ते कागदात आहे." आणि त्यापुढे चकार शब्द काढला नाही. तीन बैठका झाल्या. मुख्याध्यापकांनी हताशपणे लिहून टाकलं की समेट होत नाही.

न्यायाधिकरणाची खोली म्हणजे कचेरीतला दुसऱ्या मजल्यावरचा एक दालनवजा कप्पा. एक टेबल, एक गरगर आवाज करणारा पंखा, फायलींची कपाटं, भिंतीला लागून बाकं. टेबलामागे अधिकारी बाई, पन्नाशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पोराबरोबर एक काळा कोट आत आला.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, मी यांच्यातर्फे..."

"इथे कोणी कोणातर्फे बोलत नाही. बाहेर बाकडं आहे, बसायला चांगलं आहे." काळा कोट गेला. कात्रीबाईला ही बाई जरा आवडली, आणि त्याच क्षणी तिची भीतीही वाटली. हिच्यापुढे गप्प बसून चालणार नाही, हे तिला दिसलं.

आणि मग तिला बाकावरचे साक्षीदार दिसले. नजर अधू होती, पण ती दोन ध्यानं ओळखायला नजर लागत नव्हती. एक खिडकीवाली, नव्या चपला घालून. दुसरा गल्लीच्या तोंडाशी गाडी लावणारा इस्त्रीवाला. दोघंही भले. दोघांनाही पोराने जाऊन सांगितलं होतं, जे पाहिलंत तेवढंच सांगा, आणि त्यांना तेवढंच सांगायचं होतं.

खिडकीवालीला शपथ दिली. "रोज डबा येतो, बाई. मी डोळ्यांनी बघते. ही स्वतः सांगते मला, सून भरभरून पाठवते म्हणून." मग कात्रीबाईकडे वळून ती कळवळून म्हणाली, "अगं, कशाला असं करतेस? एवढं सोन्यासारखं पोरगं!"

इस्त्रीवाला म्हणाला, "मी तर उचलूनही बघितलाय. एकदा मावशींना चक्कर आल्यासारखं झालं, मी पिशवी घेतली हातात. चांगली जड होती."

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. चष्मा वर केला. "अर्जदार, हे दोघं तुमचे शेजारी. तुमचं यांच्याशी वैर आहे?"

"नाही."

"खोटं बोलतात?"

"नाही," कात्रीबाई म्हणाली. "हे खोटं बोलायच्या लायकीचे नाहीत."

इस्त्रीवाल्याला हा मान आहे की अपमान, ते कळेना.

"मग रोजचं जेवण मिळत असताना ते मिळत नाही असा अर्ज तुम्ही केलात, असं मी धरायचं का? तसं असेल तर जेवणाची मागणी मला फेटाळावी लागेल. साक्षीदारांना काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा."

पंखा गरगरत होता.  गप्प बसली तर इथून तशीच घरी जाईल, मीठभाताला, आणि डोळ्यांचा उरलासुरला उजेडही जाईल. बोलली तर खिडकीवालीच्या खिडकीतून उद्या ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचेल. चाळीस वर्षं लोकांना उणंदुणं सुनावलेली बाई दहा महिने रिकामा डबा नाचवत होती! तिला वाटलं, फेटाळू दे. उठून जावं ताठ मानेने.

ती उठलीही. टेबलाला हात टेकला, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळपासून पोटात फक्त पाणी होतं. तोल सावरताना तिला स्वतःचाच राग आला, इतका की लाजेला जागाच उरली नाही.

"ए इस्त्रीवाल्या," ती म्हणाली. "पिशवी उचललीस तेव्हा वास आला कशाचा?"

"वास?" तो गडबडला. "नाही... वास नाही आला, मावशी."

"दुपारी बाराला गरम जेवणाच्या डब्याला वास नाही? आणि आवाज?"

इस्त्रीवाल्याने डोळे बारीक केले. "आवाज आला होता. खणकन. मला वाटलं, चमचे असतील."

"चमचे नव्हते." तिने मान वर केली. दिसत होतं ते सगळं धुरकट. बरंच झालं, तिच्या मनात आलं. "कापडावर ठेवायची वजनं होती. लोखंडी. चार. डबा बंद होऊन दहा महिने झाले. मी घरून रिकामा न्यायचे, बाकावर बसून त्यात लोखंड भरायचे आणि यांच्यासमोरून मिरवत आणायचे. हे खरं बोलतात. खोटी मी आहे. रोज बाराला, दहा महिने."

 मग खिडकीवालीचा आवाज आला, "अगं बाई!" आणि तिने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "तेव्हा खोटं आणि आज खरं, हे मी कशावरून मानू?" आणि पोराकडे वळल्या. "डबा कोण पोचवायचं?"

"कारागीर."

"त्याला आणलंय?"

"तो... गेल्या वर्षी सोडून गेला."

"गेल्या वर्षी. मग त्यानंतर कोण?"

पोराने बायकोकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. वजनांचा आकडा त्याने ऐकला होता. चार. हात पोचत नसे म्हणून स्टुलावर उभं राहून त्याने त्याच चार वजनांखाली पहिलं कापड धरलं होतं, आणि आई मागून म्हणाली होती, सरकलं तर कानफटात देईन.

"तू पाठवत होतीस ना?" त्याने हळूच विचारलं.

सुनेने इतका वेळ खाली घातलेली मान वर केली. "मी? कारागीर गेला त्या दिवशीच मी तुम्हाला सांगितलं, माझ्याने पोचवणं होणार नाही, दुसरी सोय बघा. तुम्ही म्हणालात, खाणावळीत लावून देतो."

"मला वाटलं, तू पुन्हा सुरू केलास. इस्त्रीवाला भेटला तेव्हा म्हणाला, रोज डबा येतो..."

"घरात विचारलंत कधी?"

 विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते त्याला नको होतं.

"तुमच्या लेखी जबाबात आहे," अधिकारी बाईंनी कागदावर बोट ठेवलं, "'मी रोज डबा पाठवतो.' मी. हे ठेवायचं की खोडायचं?"

 "खोडा," तो म्हणाला. मग एकदम आईकडे वळला, आवाज चिरका. "पण तू एकदा तरी बोलायचंस ना आई! एक फोन! मी काय नाही म्हणालो असतो?"

"भाड्याची तारीख तुला कोणी आठवण करून देतं?" कात्रीबाई म्हणाली. "घरमालक दारात येईल म्हणून ती लक्षात राहते. मी दारात आले नाही, एवढंच."

सून रडायला लागली. कात्रीबाईला तिचं रडणं आवडलं नाही. रडायचा मान आपला होता आणि आपण तो घेतला नव्हता, असं काहीसं तिला वाटलं.

अधिकारी बाईंनी मग कामाचं विचारलं. हुक-गुंड्यांचं काय मिळतं, थेंब किती दिवस पुरतात, दुकानातून काय सुटतं. पोराने या वेळी प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर दिलं. शेवटी बाई म्हणाल्या, "आदेश असा. खोलीचं भाडं चालू राहील. त्याखेरीज जेवण आणि औषधपाण्यासाठी दरमहा रक्कम, आकडा आदेशात येईल. पहिली आजपासून तीस दिवसांच्या आत जमा करायची. सबळ कारणाशिवाय चुकवली तर वसुलीचं वॉरंट निघतं, आणि तरीही नाही भरली तर महिन्याभरापर्यंत आत बसावं लागतं. कळलं?"

"मॅडम, पैसे कशाला?" पोरगा घाईने म्हणाला. "मी डबा सुरू करतो. उद्यापासून. मी स्वतः आणीन. शपथ."

बाईंनी कात्रीबाईकडे बघितलं. खोलीतल्या सगळ्यांनीच बघितलं. पोराचा आवाज खरा होता, ते तिला कळत होतं. उद्या तो खरंच येईल. परवाही येईल. हो म्हटलं तर गल्लीत उद्याच सांगता येईल, बघा, स्वतः घेऊन येतो. अब्रू अर्धी तरी भरून निघेल.

"नको," ती म्हणाली. "रक्कम माझ्या खात्यात. शिजवायला मला हात आहेत. तुला यायचं असेल तर रिकाम्या हाताने ये."

पोराने मान खाली घातली. मग पुढे होऊन सही केली. आदेशाची नक्कल तिला फुकट मिळेल, असं कारकुनाने सांगितलं.

जिन्यावर इस्त्रीवाला तिला हात द्यावा की नाही अशा विचारात एक पायरी मागे चालत होता. खिडकीवाली मात्र एक पायरी पुढे होती आणि गर्रकन वळत होती.

"दहा महिने! माझ्या तोंडावर! मी सुनेला तुझ्या सुनेचे दाखले देत होते, माहीत आहे? तिची कटकट वाढवली मी तुझ्यापायी! आणि तू आत बसून काय खात होतीस?"

"भात."

"भाताबरोबर?"

"मीठ."

"आणि मी समोर, पंधरा पावलांवर! माझ्या घरात रोज उरतं, रोज टाकून देते मी! मेली असतीस तर मला म्हणाले असते सगळे, ही खिडकीत बसून बघत होती!"

"बघतच तर होतीस."

"हिची जीभ बघा! अजून तशीच आहे!" खिडकीवालीने कपाळावर हात मारला. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला भयंकर राग आलेला दिसत होता. "आता गल्लीत काय सांगू मी?"

कात्रीबाई कठड्याला धरून थांबली. दम लागला होता. अजून एक मजला उतरायचा होता. "झालं तसं सांग," ती म्हणाली. "फक्त तिखटमीठ लावू नकोस. आणि ऐक."

"काय आता?"

हे बोलताना तिने इकडेतिकडे बघितलं नाही, आवाजही लहान केला नाही. इस्त्रीवाला ऐकत होता, खालून दोघे अनोळखी वर येत होते.

"मला भूक लागली आहे."